चिवड्याची फक्की आणि तीस सेकंद: मॉलमधल्या सॅम्पलिंग स्टॉलची स्क्रिप्ट कशी लिहावी

पहिल्या शनिवारी मी लिहून नेलेली स्क्रिप्ट अशी सुरू व्हायची: "नमस्कार, आमच्या घरगुती पौष्टिक पदार्थांच्या स्टॉलवर आपलं मनःपूर्वक स्वागत आहे." भाच्याने ती चोख पाठ केली होती आणि म्हणायचाही छान. पण तो 'मनःपूर्वक'पर्यंत पोचेतो समोरची बाई सरकत्या जिन्यावर चढलेली असायची. तासाभरात आम्ही साठेक कप वाटले आणि वहीत तीन नंबर आले. त्यातला एक माझ्या जावेच्या मैत्रिणीचा, म्हणजे तो धरायचाच नाही.

आमचा माल नाचणीच्या पोह्यांचा चिवडा. नाशिकला चिवडा विकायचा म्हणजे काशीत गंगाजल विकायचं, त्यामुळे नुसता "चिवडा घ्या" म्हणून कोणी थांबत नाही. खाली लिहिलंय ते याच स्टॉलवरून शिकलेलं. तुमचा माल सरबत असेल, लोणचं असेल, तर शब्द बदलतील. हिशेब मात्र हाच करावा लागेल.

आधी शब्द मोजा

घाई न करता, समोरच्याला कळेल असं मराठी बोललं तर सेकंदाला दोन ते अडीच शब्द होतात. म्हणजे तीस सेकंदांत सत्तर शब्द बसतात, असं वाटतं. पण ते भाषणाला. इथे समोरचा माणूसही बोलणार आहे, कप घेणार आहे, खाणार आहे, बरोबरच्या मुलाला ओढणार आहे. हे सगळं वजा केलं की तुमच्या वाट्याला पंधरा-सतरा सेकंद उरतात, म्हणजे जेमतेम चाळीस शब्द. माझी पहिली स्क्रिप्ट मोजली तेव्हा ती शंभराच्या वर निघाली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चिवडा चमच्याने कोणी चाखत नाही. कपातून सरळ फक्की मारतात आणि मग दहाएक सेकंद तोंड भरलेलं असतं. या दहा सेकंदांत माणूस चालायला लागत नाही आणि उलट प्रश्नही विचारू शकत नाही. माल समजावून सांगायची जागा तीच. आम्ही नेमकं उलट करत होतो: कप हातात धरून आधी माहिती द्यायची आणि तोंडात घास गेला की लगेच विचारायचं, "कसा वाटला?" बिचारा मान हलवायचा आणि निघायचा.

म्हणून स्क्रिप्ट तोंडाच्या वेळापत्रकाप्रमाणे लिहा. तोंड रिकामं आहे तोवर फक्त हाक आणि एक गरजेचा प्रश्न, तोंड भरलं की माहिती, घास उतरला की पुन्हा प्रश्न.

आमची स्क्रिप्ट, ओळीने

पाच ओळी आहेत. एकूण 38 शब्द.

पहिली: "नमस्कार ताई, नाचणीचा चिवडा चाखून बघता?"

दुसरी: "शेंगदाणे चालतात ना?"

कप हातात दिला आणि फक्की मारली की तिसरी: "पोहे नाचणीचे आहेत. तळलेले नाहीत, भाजलेले. कांदा-लसूण नाही. इथे नाशकातच बनतो."

मग दोन सेकंद गप्प.

चौथी: "तिखट जास्त झालं, की बेताचं आहे?"

उत्तर ऐकून पाचवी: "पाव किलो एकशे वीस रुपये. आत्ता देऊ, की नंतरसाठी आमचा नंबर देऊ?"

वेळेचा अंदाज असा: हाक तीन सेकंद, शेंगदाण्याचा प्रश्न आणि उत्तर तीन, कप देण्याघेण्यात दोन, फक्की आणि तिसरी ओळ दहा, गप्प दोन, तिखटाचा प्रश्न आणि उत्तर पाच, शेवटचं पाच. तीस झाले. रोज असंच होत नाही, पण यापेक्षा फार लांबलं तर कुठे लांबलं ते लगेच कळतं.

हाक मारण्याबद्दल थोडं जास्त

"ताई" आणि "दादा" यांवर निभावतं. "काकू" जपून. पस्तिशीच्या बाईला माझ्या भाच्याने "काकू" म्हटलं. तिने कप घेतला, खाल्ला आणि जाताना म्हणाली, "चिवडा छान आहे, डोळे तपासून घे." केस पांढरे असतील तर काका, मावशी चालतात. शंका आली तर नुसतं "नमस्कार" म्हणायचं आणि पुढची ओळ घ्यायची. "सर", "मॅडम" म्हटलं की माणूस सावध होतो, आता हा क्रेडिट कार्ड विकणार असं त्याला वाटतं.

उत्तर हिंदीत आलं तर पुढच्या चार ओळी हिंदीत. त्याही आधीच लिहून पाठ करा, कारण ऐनवेळी "भाजलेले"ला हिंदीत काय म्हणायचं यावर भाचा अडकला आणि "फ्राय नहीं है, वो... भाजेला है" म्हणाला. समोरचे हसले, पण तीस सेकंद गेले.

उभं राहायचं ते टेबलाच्या बाजूला, मागे नाही. टेबलामागे उभा माणूस दुकानदार दिसतो. कप छातीसमोर ढकलायचा नाही, कमरेच्या उंचीला तळहातावर धरायचा. आणि नजर भेटल्याशिवाय हाक मारायची नाही. पाठमोऱ्याला मारलेली हाक वाया जाते, वर घसाही बसतो.

शेंगदाण्याचा प्रश्न गाळायचा नाही

घाईच्या वेळी मुलं ही ओळ सर्वात आधी गाळतात, कारण उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडे कमी ऐकू येते, पण ज्याला असते त्याच्यासाठी एक दाणाही गंभीर ठरू शकतो. त्यामुळे प्रश्न कप देण्याआधी, आणि टेबलावरही ठळक पाटी: यात शेंगदाणे आहेत.

लहान मुलाच्या हातात कप कधीच थेट द्यायचा नाही. बरोबरच्या मोठ्या माणसाला विचारायचं, त्याच्याच हातात द्यायचा. अगदी लहान, चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आम्ही देतच नाही. अख्खा दाणा घशात अडकायची भीती असते. मूल रडलं तर रडू दे.

या प्रश्नाचा एक फायदा मला नंतर लक्षात आला. "चाखून बघता?" याला "नको" म्हणणं सोपं असतं. पण "शेंगदाणे चालतात ना?" याला माणूस विचार करून उत्तर देतो, आणि उत्तर देईपर्यंत पाय थांबलेले असतात.

तिसऱ्या ओळीत काय ठेवायचं

इथे प्रत्येकाला काहीतरी घुसडायचं असतं. मला कॅल्शियम घालायचं होतं, जावेला "आमच्या सासूबाईंची पद्धत" घालायची होती. मग आम्ही एका कागदावर लोक आपणहून काय विचारतात ते लिहून काढलं. सर्वात जास्त वेळा आलेले प्रश्न तीन: कशाचा आहे, तळलेला आहे का, कांदा-लसूण आहे का. नाशकात जैन आणि मारवाडी घरं बरीच, त्यामुळे तिसरा प्रश्न फार येतो. या तिन्हींची उत्तरं ठेवली, शेवटी फक्त नाशकात बनतो एवढं. सासूबाई आणि कॅल्शियम पाकिटाच्या मागे छापले.

लोकांनी विचारलेलं आधीच सांगितलं की त्यांचा प्रश्न वाचतो आणि तेवढे सेकंद शेवटच्या ओळीला मिळतात. तुमच्या मालासाठीही पहिल्या दिवशी हा कागद ठेवाच. घरात बसून प्रश्न ओळखता येत नाहीत.

एक वाक्य मात्र स्टॉलवरच्या कोणीही, कितीही आग्रह झाला तरी बोलायचं नाही: "शुगरवाल्यांना चालतं." मधुमेह, बीपी, वजन यांवर अमुक पदार्थ गुणकारी आहे असं सांगून माल विकायला अन्नसुरक्षेचे नियम मोकळीक देत नाहीत. शिवाय आमच्यापुरतं ते खोटंही आहे, चिवड्यात पिठीसाखर पडतेच. आमचं ठरलेलं उत्तर: "काका, यात थोडी पिठीसाखर आहे. डॉक्टरांना विचारून घ्या." एवढं बोलून गप्प. गंमत म्हणजे साखर आहे हे सरळ सांगितल्यावर बरेच काका बायकोसाठी पाकीट घेतात.

"कसा वाटला?" का विचारायचं नाही

कारण उत्तर कायम "छान" असतं. फुकट खाल्ल्यावर तोंडावर वाईट कोण म्हणेल? "छान" म्हटलं की संभाषण संपतं आणि आपल्या हाती काहीच येत नाही. म्हणून दोन पर्यायांचा प्रश्न, आणि दोन्ही पर्याय लाज न वाटता निवडता येतील असे. तिखटाबद्दल तक्रार करायला नाशिककराला संकोच वाटत नाही. उलट रविवारी मिसळीची तर्री पिणारी माणसं "याला तिखट म्हणतात होय" असं म्हणून दोन मिनिटं ऐकवतात.

इथेही भीड असतेच. म्हणून आम्ही रिकाम्या कपांसाठी दोन खोकी ठेवली. एकावर "तिखट बेताचं", दुसऱ्यावर "तिखट जास्त". पहिल्या दिवशी खोकी टेबलाला लागून होती आणि जवळजवळ सगळे कप "बेताचं"मध्ये पडले. दुसऱ्या शनिवारी ती आठ-दहा पावलांवर खांबापाशी नेली, जिथून आमचे चेहरे नीट दिसत नाहीत. रात्री मोजले तर "जास्त"चं खोकं थोडं जडच निघालं. तोंडाने मात्र बहुतेकांनी "बेताचं" सांगितलं होतं. पुढच्या घाण्याला मिरची कमी केली. अशी खोकी ठेवायला मॉलच्या माणसांना आधी विचारा आणि भरली की लगेच रिकामी करा, नाहीतर त्यात आइस्क्रीमच्या काड्या जमतात.

नंबर घेऊ नका, द्या

तीस सेकंदांचं गणित खरं इथेच बिघडतं. एखाद्याने दहा आकडी नंबर सांगायचा आणि आपण लिहायचा यात पंधरा सेकंद सहज जातात. त्यात कोणी "ब्याऐंशी" म्हणतो, कोणी "एट टू", कोणी "डबल सेव्हन". लिहिणारा गोंधळतो, परत विचारतो. मागे तीन जण कपासाठी उभे असतात. शिवाय अनोळखी स्टॉलवर नंबर द्यायला लोक नाखूष असतात, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून उलटं करा. एक क्यूआर कोड छापा, जो स्कॅन केला की ग्राहकाच्या व्हॉट्सअपवर तुमचा नंबर आणि तयार मेसेज उघडेल. त्याने फक्त पाठवायचं बटण दाबायचं. त्याची लिंक अशी असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=CHIVDA2
```

91 नंतर तुमचा दहा आकडी नंबर. पुढे अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मध्ये जागा नाही. शेवटचा शब्द मुद्दाम छोटा आणि इंग्रजी अक्षरांत ठेवला आहे. मराठी मजकूर टाकला तर लिंक लांबलचक होते, कोडातले ठिपके बारीक होतात आणि स्वस्त फोनला तो पटकन वाचता येत नाही. शब्दातला 2 म्हणजे दुसरा शनिवार. दर वेळी आकडा बदलला की कोण कधी आलं ते आपोआप कळतं.

कोडचा आकार किती? ढोबळ हिशेब असा की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहावा भाग. दोन फुटांवरून करायचा तर सहा-सात सेंटिमीटर हवा. आम्ही दहाचा छापला. चकचकीत लॅमिनेशन करू नका, मॉलचे दिवे त्यावर चमकतात आणि कॅमेऱ्याला कोडाऐवजी ट्यूबलाइट दिसते. आणि जागा ठरवायच्या आधी तिथे उभं राहून मोबाइलला रेंज आहे का ते पाहा. रेंज नसेल तर मेसेजपाशी घड्याळाचं चिन्ह तसंच राहतं. नंतर जातो तो, पण ग्राहकाला वाटतं काहीतरी बिघडलं.

व्हॉट्सअप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा पहिला मेसेज लावता येतो. त्यात पहिलं वाक्य हे लिहा: "हा नंबर सेव्ह करा." त्याचं कारण आहे. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे. मला हे दिवाळीच्या तोंडावर कळलं, ऑर्डर का येत नाहीत याचा शोध घेताना.

कोडशेजारी बारीक नाही, नीट अक्षरात लिहा: महिन्यातून एकच मेसेज येईल, "नको" लिहिलं की बंद. माहिती कशासाठी घेतो हे सांगून आणि समोरच्याच्या संमतीनेच घ्यावी, ही 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याची दिशा आहे. आणि जिने चिवड्यासाठी मेसेज केला तिला पापड, मसाले, भिशी यांचे मेसेज पाठवायचे नाहीत.

तालीम, खऱ्या चिवड्यावर

स्क्रिप्ट नुसती वाचून पाठ करू नका. घरी बसून एकाने ग्राहक व्हायचं, खरंच फक्की मारायची, तिसऱ्याने मोबाइलवर वेळ लावायची. चावायला किती वेळ लागतो ते कागदावर कळत नाही. आमच्या पहिल्या तालमीत तिसरी ओळ सहा सेकंदांत संपली आणि जाऊ अजून चावतच होती. म्हणजे ओळ सावकाश म्हणायला जागा होती. तेवढ्याने भाच्याचा रेल्वे अनाउन्सरसारखा सूर गेला.

तालमीत चार प्रकारचे ग्राहक करून बघा: फोनवर बोलत जाणारा, मुलांना घेऊन आलेली आई, "आज उपवास आहे" म्हणणारी मावशी आणि गोष्ट सांगणारे काका.

फोनवाल्याला हाक मारायचीच नाही. आईची रीत वर आलीच आहे. उपवासवाल्या मावशीला कप पुढे करून आग्रह करू नका. "मग उद्यासाठी आमचा नंबर देऊ?" एवढंच, थेट शेवटच्या ओळीवर जायचं. तारीख घेण्याआधी घरातली दिनदर्शिका बघा. संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार टाळा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अर्धं नाशिक त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला असतं आणि उरलेलं उपवासाला.

काकांचं मात्र अवघड. "आमच्या लहानपणी नाचणीची आंबील असायची..." अशी सुरुवात झाली की पाच मिनिटं गेली. त्यांना तोडणं वाईट आणि ऐकणं परवडत नाही. म्हणून स्टॉलवर दोघं हवेत. पहिला कप देतो, दुसरी पाकिटं आणि कोड सांभाळते. काका सुरू झाले की पहिल्याने म्हणायचं, "काका, ही आंबीलची गोष्ट आमच्या ताईंना सांगा ना," आणि हाताने दिशा दाखवायची. माझी जाऊ ऐकण्यात पटाईत आहे. तिच्याकडून रिकाम्या हाताने परतलेला काका मी पाहिलेला नाही.

किती माल न्यायचा

एका कपात सहा ग्रॅम, म्हणजे एक शिगोशीग मोठा चमचा. यापेक्षा जास्त घातला तर लोक खात खात चालू लागतात, कमी घातला तर चव कळत नाही. शनिवारी पाच ते नऊ या चार तासांसाठी आम्ही 250 कपांचा हिशेब धरतो, म्हणजे दीड किलो चिवडा. तीस सेकंदांना एक म्हटलं तर तासाला 120 व्हायला हवेत, पण माणसं एकसारखी येत नाहीत. सिनेमा सुटला की लोंढा, मग दहा मिनिटं सामसूम. दुसऱ्या शनिवारी प्रत्यक्षात 212 कप गेले, 31 पाकिटं खपली आणि 44 मेसेज आले.

कप भरून मांडून ठेवू नका. पावसाळ्यात चिवडा अर्ध्या तासात सादळतो, आणि सादळलेला चिवडा खाऊन कोणी पाकीट घेत नाही. आम्ही एकावेळी दहा-बाराच भरतो, डबा झाकलेला. भरणाऱ्याने हातमोजे घालायचे, पैसे दुसऱ्याने घ्यायचे. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर पाकिटावर असतोच, तो टेबलावरही लावा. परवानगी देताना बहुतेक मॉलवाले तो आधी मागतात. त्याच वेळी सरकत्या जिन्याच्या तोंडाशी जागा मागू नका. तिथे कोणी थांबलं की मागचे धडकतात आणि सुरक्षारक्षक तुम्हालाच हलवतो. जिन्यापासून पंधरा-वीस पावलं पुढे, जिथे लोक आता कुठे जायचं म्हणून चाल मंद करतात, ती जागा बरी.

बिघडलंय हे कसं ओळखायचं

दर तासाला एकाने स्टॉल सोडून समोरच्या बाजूला उभं राहायचं आणि दहा ग्राहकांची वेळ लावायची. चाळीसच्या वर जात असेल तर बहुतेक वेळा दोष तिसऱ्या ओळीत असतो: बोलणाऱ्याने आपल्या पदरचं काहीतरी घातलेलं असतं. आमच्याकडे सातच्या सुमारास भाच्याने "कॅल्शियम" परत आणलं होतं. वेळ वीसच्या खाली येत असेल तर शेंगदाण्याचा प्रश्न गळलाय किंवा पाचवी ओळ म्हटलीच जात नाहीये. कप भराभर संपतायत आणि मेसेज येत नाहीयेत, तर पाचवीच.

अर्धवट चिवडा उरलेले कप कुंडीत किंवा बाकावर दिसले तर चवीला दोष देण्याआधी डब्यातला एक दाणा खाऊन बघा. बहुधा सादळलाय. डबा बदला, आणि नव्या डब्यातून भरलेल्या पहिल्या कपापासून वेळ पुन्हा मोजा.